मैत्रिणीलाही सोडलं नाही

ती कपडे धुणाऱ्या बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष होती. पाठीमागे सगळ्या तिला इस्त्रीबाई म्हणत. कामामुळे नव्हे, ताठपणामुळे. तिलाही ते ठाऊक होतं. ती गटाच्या धुण्याच्या खोलीत आली की गप्पा बंद व्हायच्या, नळाचा आवाज तेवढा उरायचा.

गटाला दवाखान्याच्या चादरींचं काम मिळालं. त्यासाठी कपडे सुकवायचं मोठं यंत्र हवं होतं. कर्जाच्या प्रस्तावाला ठराव जोडला, बचतीचे आणि परतफेडीचे कागद जोडले. राहिला अध्यक्षांचा परिचय. तो लिहायला गटांना मदत करणारी सहयोगिनी घरी आली. शिक्षण सातवी, नवरा वारलेला, लेक लांब सासरी. इथवर भराभर झालं. मग गट कसा उभा केला, हे सहयोगिनीनं विचारलं.

"ते सचिवबाईंना विचार," इस्त्रीबाई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक."

सचिव म्हणजे एकेकाळची जिवाची मैत्रीण. दोघींनी लॉजच्या चादरी पिळत गट सुरू केला होता. चादरीचं एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. पुढे मैत्रिणीला मुलाच्या फीसाठी गटातून दुसरं कर्ज हवं झालं. पहिलं फिटलं नव्हतं. नियमात बसत नाही, असं बाईंनी भर बैठकीत सांगितलं. घरी जाऊन रडल्या, पण शब्द फिरवला नाही. तेव्हापासून दोघींचं कामापुरतं बोलणं.

सचिवबाईंनी सांगितलं तसं सहयोगिनीनं लिहिलं, आणि तो परिचय बैठकीत सचिवबाईंनीच वाचला. बाईंचे भेगाळलेले हात, लॉजवाल्याशी दरासाठी घातलेले वाद, तापातही न चुकलेली बैठक, काहीच सुटलं नव्हतं. शेवटी होतं, 'नियमापुढे कुणाचं तोंड बघत नाहीत. मैत्रिणीलाही सोडलं नाही.' बायकांनी माना खाली घातल्या. प्रस्तावावर सह्या झाल्या.

पाहणीला आलेल्या बँकेच्या अधिकाऱ्यांनी नेमकं तेच वाक्य धरलं. ही मैत्रीण कोण, त्यांनी विचारलं.

"मी," सचिवबाई म्हणाल्या. "पहिलं फेडलं, मगच दुसरं मिळालं."

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात कर्ज मंजूर झालं.

मंजुरी कळली त्या संध्याकाळी बायका पांगल्यावर इस्त्रीबाई खोलीच्या दारात थांबल्या. सचिवबाई चपला घालत होत्या.

"ते वाक्य कौतुकाचं होतं की रागाचं?"

"खरं होतं म्हणून सांगितलं." सचिवबाईंनी वर पाहिलं नाही. "फीची तारीख गेली, पोराचं वर्ष वाया गेलं. ते कसं विसरू? पण दुसरी कुणी अध्यक्ष असती, तर बँक दारात आली नसती."

एवढं बोलून त्या निघाल्या. हाक मारावी असं बाईंना फार वाटलं. पण हाक मारून पुढे काय म्हणायचं, ते सुचलं नाही. त्यांनी नळ घट्ट बंद केले, दिवा मालवला आणि एकट्याच घराकडे चालू लागल्या.