पाणी कसं होतं?

अक्काला कुणाचाही संशय येऊ शकत असे. दुधात पाणी असल्याचा यायचा, घड्याळ मुद्दाम पुढे केल्याचा यायचा, नवा आरसा जाड दाखवतो असाही यायचा. बावीस वर्षं ती एकाच सलूनमध्ये खिडकीशेजारच्या खुर्चीवर केस कापत होती. मालकिणीने दुकान थाटलं तेव्हा दोघीच होत्या, एक कात्री आणि एक केस धुवायचं बेसिन. त्यामुळे मालकिणीला 'तू' म्हणायचा मान आणि खिडकीची खुर्ची, या दोन्ही गोष्टी तिच्याकडे आपोआप आल्या होत्या. खुर्ची गेली तर आपण कोण, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, म्हणून ती त्या खुर्चीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची.

अशात मालकिणीची भाची आली. शिकलेली, हळू बोलणारी, सगळ्यांना अहो-जाहो करणारी. अक्काच्या मते इतकं गोड बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी असतंच. महिनाभरात भाचीने चार प्रश्न काढले. काम झालं की गिऱ्हाइकाने काउंटरवरच्या टॅबवर उत्तरं द्यायची. किती थांबावं लागलं, काम मनासारखं झालं का, केस धुताना बरं वाटलं का, या तिन्हींना एक ते पाच गुण. चौथा प्रश्न मोकळा होता: एकच गोष्ट बदलायची तर कोणती? गिऱ्हाइकाचं नाव विचारायचं नाही, पण काम कुठलं आणि कुणी केलं याची नोंद बिलावरून आपोआप व्हायची.

"आपण कुठे कमी पडतो ते कळेल," भाची म्हणाली.

अक्काने धाकटीकडे पाहिलं. धाकटी म्हणजे दुसऱ्या खुर्चीवरची मुलगी, चलाख, हाताला चपळ. आपली खुर्ची कुणासाठी मोकळी करायची आहे हे अक्काला त्याच क्षणी कळून चुकलं, निदान तिला तसं वाटलं.

पण अक्काही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. गिऱ्हाईक काउंटरशी गेलं की ती टॉवेल खांद्यावर टाकून त्याच्या शेजारी उभी राहायची आणि "दाबा, दाबा, लाजू नका," म्हणायची. पहिल्या दोन आठवड्यांत तिला पाचाशिवाय एकही आकडा मिळाला नाही. जी बाई केस कापून घेताना तीनदा घड्याळ बघत होती, तिनेसुद्धा थांबण्याला पाच दिले. अक्का खूश झाली.

भाची खूश झाली नाही. एवढंच म्हणाली, की समोर उभं राहिलं तर माणूस तोंड बघून गुण देतो, आणि अशा पाचांनी आपल्याला काहीच कळत नाही. टॅब कपाटात गेला. आता गिऱ्हाईक घरी पोचल्यावर दोन तासांनी त्याच्या मोबाइलवर निरोप जायचा. तेच चार प्रश्न, मिनिटभराचं काम. मालकीण दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी अक्काकडून केस धुऊन घ्यायची, तर निरोप नीट जातो का हे बघायला भाचीने तिचाही नंबर यादीत घातला.

आता पाचांना गळती लागली. पहिल्या दोन प्रश्नांत अक्का अजून सगळ्यांच्या पुढे होती. तिसऱ्यात मात्र घसरली, आणि चौथ्यात एक वाक्य येऊ लागलं: पाणी फार गरम.

भाचीने घाई केली नाही. एकदोघींच्या म्हणण्यावरून काही ठरवायचं नसतं, असं तीच म्हणाली होती. ती सहा आठवडे थांबली आणि मग कागद पुढे ठेवला. अक्काने केस धुतलेल्या एक्केचाळीस बायकांनी उत्तर दिलं होतं, त्यांतल्या चौदा जणींनी पाण्याबद्दल लिहिलं होतं. त्याच बेसिनवर, त्याच गीझरच्या पाण्याने धाकटीने अडतीस जणींचे केस धुतले होते. तिथे पाण्याचं नाव नव्हतं.

"म्हणजे गीझर बिघडलेला नाही," भाची म्हणाली.

म्हणजे गीझर कुणीतरी बिघडवतंय, असं अक्काने ऐकलं. माझी पाळी आली की धाकटी काटा वर करते. पुढचे चार दिवस अक्का गीझरवर पहारा देत होती. काट्याशेजारी पेन्सिलने खूण केली, दर तासाला जाऊन बघितलं. काटा तसूभर हलला नाही, म्हणून तिचा संशय उलट वाढला. इतकं सफाईने करतेय म्हणजे पक्की आहे, असं तिला वाटलं.

वास्तविक ती पाणी बघितल्याशिवाय कुणाच्या डोक्यावर घालत नसे. पहिल्या दिवसापासूनची सवय होती: हातातला फवारा आधी स्वतःच्या डाव्या तळहातावर धरायचा, कोमट लागलं की मग डोक्यावर. म्हणून तर तिला इतका राग आला होता.

सोमवारी सकाळी मालकीण नेहमीसारखी बेसिनला मान टेकून पडली. दुकानात दोघीच होत्या. अक्काने गरम आणि गार नळ जुळवले, फवारा तळहातावर धरला. कोमट. केस भिजवता भिजवता तिने धाकटीची सगळी कर्मकहाणी सांगून टाकली. मालकिणीने डोळे घट्ट मिटले होते. तिच्या पायांची बोटं चपलेत आखडली होती.

अक्काने ती बोटं पाहिली. मग कान पाहिले. दोन्ही लालबुंद झाले होते. तिने फवारा मनगटाच्या आतल्या बाजूवर धरला आणि झटक्यात हात मागे घेतला. चटका बसला होता. तिने तळहात धरून पाहिला. कोमट. पुन्हा मनगट, पुन्हा चटका.

तिने नळ बंद केला. बावीस वर्षं गरम पाणी, रंग आणि औषधं यांत बुडालेला तो तळहात तिने उलटसुलट करून पाहिला. सुईत दोरा ओवताना हल्ली बोटं आपली वाटत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. ते कुणाला कळू नये म्हणून ती जपत होती. पण हा हात तिच्याशीच खोटं बोलेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. साऱ्या जगावर संशय घेतला, तेवढा हा एक राहून गेला होता.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

मालकीण उठून बसली. मानेवरून पाणी ओघळत होतं. "वर्ष होईल."

"वर्षभर भाजून घेतलंस?"

"तोंड उघडेना माझं. तुला काय सांगणार, हात गेला म्हणून? भाचीला मीच बोलावलं. म्हटलं, गिऱ्हाइकांकडून तुला कळू दे."

म्हणजे ते प्रश्न आपल्यासाठीच काढले होते, हा अक्काचा संशय खरा निघाला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला खरं ठरल्याचं सुख झालं नाही. तिला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती, मुख्यतः धाकटीची.

"आणि तुला निरोप येतो, त्यात काय लिहितेस?"

मालकिणीने मान खाली घातली. "पाच."

"नाव विचारत नाहीत, तरी?"

"सोमवारी सकाळी आणखी कोण असतं? तुला कळलंच असतं."

अक्काने मालकिणीला खांद्याला धरून पुन्हा मागे टेकवलं, गार नळ आणखी सोडला आणि फवारा मनगटाच्या आत धरून सावकाश दहा अंक मोजले. मग तिने केस धुतले, पहिल्या दिवशी धुतले होते तितक्या जपून.

केस पुसून झाल्यावर तिने मालकिणीचा मोबाइल तिच्या हातात दिला. गेल्या सोमवारचा निरोप तसाच पडून होता.

"त्या दिवशीचं पाणी कसं होतं ते लिही," अक्का म्हणाली. "खरं लिही."

आणि ती शेजारी उभी राहिली नाही. खिडकीशी गेली, पाठ फिरवून आपल्या खुर्चीवरचे केस झाडू लागली. मागे मालकिणीचं बोट मोबाइलवर टेकल्याचा बारीक आवाज झाला. तिने वळून पाहिलं नाही.