डाव्या पायाचं लिहायचं राहिलं

नव्वदच्या दशकात मी भवानीनगरजवळच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होतो. पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहाने फुटबॉलसाठी मुलं मागवली, तेव्हा मी आमच्या एका मुलाचं नाव पाठवलं. वयाच्या अटीत बसण्याचं त्याचं ते शेवटचं वर्ष. शिफारशीच्या कोऱ्या पानावर मी लिहिलं, ‘अतिशय उत्तम खेळाडू.’ प्रगतिपुस्तकात शेरे मारून हाताला लागलेली सवय. खाली सही, शिक्का. शिक्का मात्र झकास उठला होता.

चाचणीत त्याला उजव्या बाजूला उभं केलं. पोरगा डावखुरा. सांगितलं तिथे उभा राहिला, वीस मिनिटं मुकाट्याने धावला. चेंडू आला की डाव्या पायावर घेईपर्यंत समोरचा अंगावर यायचा. मी रेषेबाहेर उभा होतो. तो डाव्या पायाचा आहे, असं ओरडून सांगावंसंही वाटलं नाही.

निवड झाली इंदापूरकडच्या एका मुलाची. तोही आधी चाचपडलाच होता, पण त्याला पुन्हा उतरवलं. मी प्रशिक्षकांना कारण विचारलं, तर त्यांनी त्याच्या शिक्षकांचा कागदच पुढे केला. ‘तीन सामन्यांत पाहिला, त्यातले दोन थोराड मुलांविरुद्ध. उजवा पाय, मधल्या फळीत खेळतो. चेंडू येण्याआधी मान वळवून आजूबाजूला बघतो. चेंडू गमावला की चिडतो, पण लगेच मागे धावतो. डोक्याने मारायला घाबरतो, शिकवता येईल. नव्या मैदानावर सुरुवातीला बुजतो. दम किती, ते नीट पाहिलेलं नाही.’

“उणं लिहिलंय, माहीत नाही तेही लिहिलंय,” प्रशिक्षक म्हणाले. “म्हणून बाकीचं खरं वाटलं. बुजतो हे वाचलं म्हणून परत खेळवला. तुमचा कुठल्या पायाचा?”

“डाव्या.”

“मग उजवीकडे कसा?”

“तुम्ही सांगितलं म्हणून.”

त्यांनी कागद परत फाइलीत ठेवला. निवडीची यादी आधीच कार्यालयात गेली होती. मला लाज वाटायला हवी होती. आतून सगळं बधिर झालं होतं. भूक लागली एवढंच कळत होतं, म्हणून मी आणि पोराने वडापाव खाल्ला आणि एसटी पकडली.

त्याचे वडील पूर्वी मेंढरं राखायचे, आता थोडा ऊस करायचे. मी घरी जाऊन निवड झाली नाही म्हणून सांगितलं. त्यांनी पाणी दिलं.

“मास्तर, तुमी कागदावर काय लिवलं हुतं?”

“अतिशय उत्तम खेळाडू.”

“आन फुडं?”

“एवढंच.”

त्यांचा आवाज चढला नाही. “आमी बाजारात मेंढरू इकतो, तवा दात दावतो, चालवून दावतो. लंगडत आसंल तर तेबी सांगतो.” मग पोराकडे बघत म्हणाले, “ह्याचं तुमास्नी कायच सांगायसारखं वाटलं न्हाय व्हय?”