चार बोटं वर

मी हरिभाऊ, नगरपालिकेच्या पंपावरचा ड्रायव्हर. माझं डोकं लवकर तापते, हे साऱ्या गावाले ठाऊक हाय. डोमाजी थूलची गोष्ट सांगताना आवाज चढला तर मनावर घेऊ नका.

डोमाजी आमचा फिटर. सायकलच्या दांड्याले दोन पान्हे बांधलेले, कानामागं पेन्सिल. कुठंही टाकीचं नवं कनेक्शन दिलं की हा शिडी लावून वर चढे अन् टाकीचा काठ ते नळाचं तोंड, आपली चार बोटं आडवी ठेवून मोजे. मालक कुरकुरले तर म्हणे, "बोटं माझी धरायची, तुमची नाई." चार बोटं भरली नाई तर नळ उघडूच देत नव्हता. मी त्याले चिडवायचो, "डोमा, सोयरीक जमवून राह्यला का टाकीची?" तो हसे अन् खाली उतरे.

सत्तावन्न सालचा एप्रिल होता. गुरुवारी पंपाच्या दांड्याची गळती रोखणारी दोरी बदलायले मी दीड घंटा पाणी बंद ठेवलं. संध्याकाळी बाजारगल्लीतल्या नळाले सडकं पाणी आलं. शनिवारपर्यंत अकरा जण हगवणीनं दवाखान्यात. त्यात बापूरावचा पाच वर्षांचा नातू. बापूराव म्हणजे नगरपालिकेचा मेंबर, बाजारगल्लीत, कापसाच्या जिनिंग-प्रेसच्या खालच्या अंगाले त्याचं चहाचं हॉटेल.

बापूराव हॉटेलच्या ओट्यावर उभा राहून ओरडला, "दसऱ्याले नागपूरले जाऊन धर्म बदलून आला अन् आता आमच्या पाण्यात हात घालते. सोमवारच्या सभेत याले काढला नाई तर बापाचं नाव लावणार नाई!"

ओट्यापुढं पंधरा माणसं होती. त्यात मीही होतो. तोंडात मूग धरून उभा होतो. ज्याचं डोकं एरवी चहात साखर कमी पडली तरी तापते, तो मी! आजही लाज वाटते.

डोमाजीले तीन लेकरं. तानाबाई, त्याची बायको, प्रेसमधी सरकी वेचायले जाये, पण हंगाम सरत आलता. नोकरी गेली तर घर बसणार, हे सांगायले ज्योतिषी नको होता.

रविवारी सकाळी तो पंपावर आला. डोळे तांबारलेले. बसत नव्हता, थांबत नव्हता, इकडून तिकडं फेऱ्या मारून राह्यला होता.

"अरे बस ना बाप्पा, मले गरगरून राह्यलं!" मी खेकसलो.

त्यानं खिशातून ओला रुमाल काढला. "बाजारगल्लीतल्या नळाले रातभर बांधून ठेवला होता. पाहा."

रुमालात कापसाचे तंतू होते.

"लाइनमधी कापूस कुठून येईन, हरिभाऊ? कापूस एकाच जागी हाय."

आमी प्रेसमधी गेलो. तिथं आगीसाठी पाण्याची मोठी टाकी, उंच चौथऱ्यावर बांधलेली. आग लागली नाई म्हणून पाणी महिनोन्महिने तसंच. वर हिरवी साय अन् उडून पडलेला कापूस. डोमाजी शिडी चढला. नळाचं तोंड काठाच्या चार बोटं वरच होतं. पण तोंडाले रबरी पाइप तारेनं आवळलेला, अन् पाइपचं दुसरं टोक थेट टाकीच्या बुडाशी.

"हे कोणं केलं?" डोमाजीनं वरूनच विचारलं.

प्रेसचे मुकादम अण्णाजी सहज म्हणाले, "मी. वरून पाणी पडे अन् शिंतोडे गाठींवर उडत. ओली गाठ कोण घेते? पाणी तर येऊनच राह्यलं ना?"

डोमाजी शिडीवरच बसला. "अण्णाजी, पंप बंद झाला की लाइनमधला जोर जाते. उतारावर कोणी नळ उघडला की लाइन रिकामी होताना मागचं पाणी ओढते. नळाचं तोंड वर असलं तर हवा आत शिरते अन् ओढ तुटते. तुमचा पाइप बुडलेला. त्यानं टाकीतलं पाणी वर चढवून लाइनमधी उतरवलं."

"मंग ती झडप कायले बसवली होती?" मी विचारलं. खाली जोडणीवर त्यानंच बसवली होती ती. पाणी आत जाऊ देते, उलट आलं की पडदा बंद.

त्यानं झडप खोलली. पडद्याखाली गंजाचा खपला अडकला होता. पडदा बसतच नव्हता. तो खपल्याकडे पाहत राह्यला. "वरसभर मी ही खोलून पाहिली नाई. हे सभेत सांगीन."

"येडा झाला का बे? आपल्याच पायावर धोंडा!" मी भडकलो.

"पोरं आजारी पडली, हरिभाऊ," तो म्हणाला अन् सभेले जसंच्या तसं दाखवता यावं म्हणून खपला होता तिथंच ठेवून झडप पुन्हा बसवली.

सभेत त्यानं खरंच सांगितलं. बापूराव टेबलावर हात आपटून उठला. "कबूल झाला! अन् टाकीतलं पाणी उलटं नळात चढते म्हणे. पाणी कधी वर चढते का?"

डोमाजी म्हणाला, "उद्या दाखवतो. नाई दाखवलं तर राजीनामा मीच लिहून देतो. नळ तुमच्या हॉटेलातलाच घेऊ."

मंगळवारी दवंडी पिटवली, पाणी भरू नका. प्रेसच्या टाकीत कपड्याची नीळ कालवली. दहा वाजता मी पंप बंद केला अन् सायकल हाणत हॉटेलात पोचलो. मागच्या अंगणात सारे मेंबर जमले होते. बापूरावनं नळ उघडला. पाणी धो धो आलं. स्वच्छ.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. धार बारीक झाली, पण स्वच्छच. कोणीतरी खोकललं, बापूराव मिशीवर हात फिरवून राह्यला होता. डोमाजी नळाकडं पाहत नव्हता, जमिनीकडं पाहत होता. मले वाटे, धावत जाऊन पंपच चालू करावा, निदान हे थांबन तरी.

वीस मिनिटांनी नळ गुरगुरला. धार फिकट निळसर झाली, मंग आकाशी, मंग निळीशार. बापूरावच्या पांढऱ्या दगडी न्हाणीवर निळा ओघळ गेला.

 बापूरावनंच नळ बंद केला. खालच्या आवाजात त्यानं विचारलं, "हे चार बोटांचं तुले कोणं शिकवलं?"

डोमाजी हॉटेलच्या ओट्याकडं पाहून बोलला, "इथंच शिकलो, बापूराव. लहानपणी मी या ओट्याखाली ओंजळ धरून उभा राहो. तुमची माय वरून पाणी सोडे. लोटा ओंजळीले लागू देत नव्हती. चांगली चार बोटं वर. खालचं वर चढू नये म्हणून."

त्याची नोकरी राह्यली. झडपेबद्दल लेखी ताकीद मिळाली, ती त्यानं मान खाली घालून घेतली. रबरी पाइप काढला, झडप साफ केली, दोन दिवस ब्लीचिंग टाकून लाइन धुतली. टाकीचा नळ मात्र होता तिथंच राह्यला, काठाच्या चार बोटं वर. बापूरावचा नातू घरी आला.

लाइन धुऊन झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी उन्हाचा डोमाजी पंपावर आला. नऊ वर्षं सोबत काम केलं, पण त्याले पाणी मी नेहमी वरूनच दिलं. वाईट मनात नव्हतं, म्हणायले काय जाते? त्या दिवशी मी लोटा भरला अन् सरळ त्याच्या हातात दिला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, लोटा तोंडाले लावला अन् सारा पिऊन खाली ठेवला.

मी लोटा उचलला, अन् माझा हात आपसूक चुलीतल्या राखेकडं गेला. घासायले.

"घासून घे, हरिभाऊ," डोमाजी म्हणाला. रागात नाई, रोजच्यासारखं. अन् उठला.

मी राखेचा हात धोतराले पुसला, तसाच लोटा माठात बुडवला अन् घटाघटा प्यालो. पाहणारं कोणीच नव्हतं. तो सायकल घेऊन फाटकाबाहेर गेलता.