जर्नलसाठी एक आठवडा

पुण्याहून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला आलो तेव्हा मी सोळा वर्षांची होते. ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या, दुसऱ्या वर्षी मला ग्लँड्युलर फीव्हर झाला. ताप उतरला, पण अंगात त्राण उरलं नाही. जिना चढताना मध्येच बसावं लागे. आणि बायॉलॉजीची प्रॅक्टिकल फाइल अर्धवट पडलेली.

फाइल म्हटलं की बाबांना त्यांच्या कॉलेजातलं जर्नलच दिसायचं: सुवाच्य अक्षर, पेन्सिलीच्या आकृत्या, शेवटी सरांची सही. बुडलेली प्रॅक्टिकल्स मित्राच्या जर्नलवरून उतरवण्यात त्यांच्या काळी कुणालाच वावगं वाटत नसे. त्यांनी मला वर्गातल्या मैत्रिणीकडून तिच्या पानांचे फोटो मागवायला लावले. मी उशीला टेकून लिहायची, ते शेजारी बसून समास आखून द्यायचे. जी थोडीफार ताकद परत येत होती, ती त्या पानांत गेली.

मग त्यांनी आमच्या बायॉलॉजीच्या टीचरना पत्र लिहिलं. ईमेल करा म्हटलं तर ऐकेनात; कागदावर मान राहतो म्हणे. मुलगी आजारी असूनही स्वस्थ बसली नाही, मैत्रिणीच्या फाइलवरून सगळे प्रयोग तिने नीट उतरवले आहेत, फक्त आकृत्या राहिल्या आहेत, तरी कृपया एक आठवडा द्यावा. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी ते ऐटीत नेऊन दिलं.

टीचरनी वाचलं आणि मला लॅबमध्ये बसवलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वेळ देईन मी," त्या म्हणाल्या, "पण ही पानं मला ग्राह्य धरता येणार नाहीत. हे प्रयोग तू केलेले नाहीस."

प्रयोग करताना त्यांनी स्वतः पाहिल्याशिवाय प्रॅक्टिकलला 'पास' हा वेगळा शेरा देता येत नव्हता, आणि युनिव्हर्सिटीने प्रवेशाच्या ऑफरमध्ये नेमका तोच मागितला होता. बोर्डाला निकाल कळवण्याआधी त्यांनी माझ्यासाठी शाळा सुटल्यावरच्या दोन वेळा काढल्या. पहिल्या दिवशी यीस्टच्या श्वसनाचा प्रयोग होता. गरम पाण्याच्या वॉटर बाथपाशी उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. लॅबच्या टेक्निशियनने खुर्ची दिली, आईला फोन केला. दुसऱ्या वेळी मी बसस्टॉपपर्यंतही पोचू शकले नाही. चिडायलासुद्धा ताकद लागते, ती माझ्याकडे नव्हती.

ऑगस्टमध्ये बायॉलॉजीला चांगली ग्रेड आली. खाली प्रॅक्टिकलपुढे मात्र पास नव्हता. प्रवेश देता येत नाही म्हणून युनिव्हर्सिटीने दिलगिरी कळवली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आता काहीच होणार नाही, असं वाटत होतं, आणि पुढे बराच काळ वाटत राहिलं.

बाबा पायाशी येऊन बसले.

"पत्रात माझं काही चुकलं का गं?"

"नाही, बाबा. पत्र छान होतं तुमचं."

त्यांनी माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"मग मी दोन आठवडे मागायला हवे होते," ते म्हणाले.