ग-घ रेषेतले तीस मीटर

आमच्या घरात नवराबायकोची भांडणं साडीवरून किंवा सासरमाहेरावरून कधीच झाली नाहीत. ती व्हायची कोनांवरून. आम्ही दोघंही जमीन मोजणारी माणसं. कराडात दोन खोल्यांचं ऑफिस, बाहेर पाटी, आणि पाटीवर त्यांच्या नावाखाली माझं नाव थोडं बारीक अक्षरात. त्या बारीक अक्षरांचा वचपा मी कोनांत काढायची. "माझे कोन जुळतात, तुमच्या लांब्या बघा आधी," हे वाक्य मी लग्नानंतरच्या तेवीस वर्षांत किती वेळा बोलले असेन, देव जाणे.

कुंडल गावच्या कामाच्या वेळी आमचं टोटल स्टेशन दुरुस्तीला पुण्याला गेलं होतं. त्या यंत्रात कोन आणि लांबी एकाच दमात मिळते. ते नाही म्हटल्यावर मी काम पुढं ढकला म्हणत होते. हे मात्र खुशीत. माळ्यावरचा जुना, नुसते कोन मोजणारा थिओडोलाइट काढला, दोन दिवस त्याच्या भिंगांवर फुंकर मारत बसले, आणि तीस मीटरची पोलादी पट्टी तेलाच्या फडक्यानं पुसून घेतली. "जरा हातानं काम करू की गं. यंत्रानं आपल्याला पार ऐदी करून टाकलंय."

काम साधं होतं. फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ऊस तुटून गेलेलं त्यांचं रान, त्याला ठिबक करायचं होतं आणि कडेला घर बांधायचं होतं. त्यासाठी नकाशा हवा होता. रानाच्या सहा कोपऱ्यांवर आम्ही खुंट्या मारल्या आणि त्यांना क, ख, ग, घ, च, छ अशी नावं दिली. सकाळच्या थंडाव्यात मी थिओडोलाइटवर सहाही कोन घेतले. दुपारी हे आणि आमचा पट्टीवाला लांब्या मोजायला निघाले, आणि मी फौजींच्या विहिरीवर, चिंचेखाली, त्यांच्या सुनेनं आणलेला चहा पीत बसले. हे सांगायला आता जीभ जड होते, पण बसले होते हे खरं.

पट्टीवाला आमच्याकडं पंधरा वर्षं होता. घरचाच म्हणायचा. तो पट्टीचं टोक धरून पुढं जायचा, प्रत्येक तीस मीटरवर लोखंडी सळी रोवायचा. हे मागून येत ती सळी उपटून हातात घ्यायचे. रेषा संपली की हातातल्या सळ्या मोजायच्या, तेवढ्या पूर्ण पट्ट्या, आणि वर उरलेला तुकडा. ते आकडे फील्डबुकात, म्हणजे मोजणीच्या वहीत, हेच लिहीत.

संध्याकाळी घरी आल्यावर आमचा नेम होता. आधी कोनांची बेरीज. सहा कोपऱ्यांची आकृती कितीही वेडीवाकडी असो, आतल्या कोनांची बेरीज सातशेवीस अंशच यायला हवी. माझी आली सातशेवीस अंश आणि चाळीस सेकंद. त्या जुन्या यंत्राला एवढा फरक माफ असतो. मी खुर्चीतच टाळी वाजवली. पण ती अर्धीच तपासणी. कोन जुळले म्हणजे फक्त दिशा बरोबर. लांबीतली चूक कोनांच्या बेरजेला कळतच नाही. त्यासाठी प्रत्येक रेषा किती उत्तरेला गेली, किती पूर्वेला गेली ते काढायचं आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. रान फिरून आपण निघालो तिथंच परत आलो असू, तर दोन्ही बेरजा शून्य. शून्य आल्या नाहीत तर जेवढं उरेल ती क्लोजिंग एरर.

हे कॉटवर आडवे झाले होते. चेहरा उन्हानं काळवंडलेला. "ते उद्या कर गं," म्हणाले. "आज लय दमलोय."

"वय झालं तुमचं," मी म्हणाले. "मी सहा कोन घेऊन ताजीतवानी, आणि तुम्ही चार पावलं चालून पडलाय."

ते हसले. मी वही मिटली. एरवी मी असल्या बाबतीत फार चिकट, पण त्या दिवशी माझे कोन जुळले होते ना. मला तेवढ्यातच सगळं मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी शिराळ्याला माझ्या भाचीचं लग्न. तिसऱ्या दिवशी यांना पित्त झाल्यासारखं वाटत होतं, मी कोकम सरबत करून दिलं. चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी सकाळी दाढी करताना बेसिनपाशी कोसळले. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत सगळं संपलं होतं. नळ चालू होता.

त्या दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही, आणि लिहिणारही नाही.

महिन्याभरानं फौजींचा फोन आला. फार अदबीनं बोलले. "मॅडम, टेन्शन घेऊ नका, पण ठिबकवाला नकाशा मागतोय. न्हाई जमलं तर दुसऱ्याकडनं करून घेतो." दुसऱ्याकडून? त्यांच्या हातचं शेवटचं काम दुसरा कोणी पुन्हा मोजणार? मी म्हटलं, परवा देते.

दुपारी वही काढली. त्यांचं अक्षर बघून पहिला तास काही झालंच नाही. मग गणित मांडलं. सहा रेषा, सहा लांब्या, उत्तर-दक्षिणेच्या बेरजा, पूर्व-पश्चिमेच्या बेरजा. उत्तरेला अठरा मीटर दोन सेंटिमीटर कमी पडत होते. पूर्वेला तेवीस मीटर शहाण्णव. मी बेरीज पुन्हा केली. तेच. कॅल्क्युलेटर बदलला. तेच.

त्या दोन आकड्यांवरून सरळ अंतर काढलं तर आलं एकोणतीस मीटर अठ्ठ्याण्णव. म्हणजे तीसच. एक अख्खी पट्टी.

चूक कुठल्या रेषेत हे शोधायला रानात जावं लागत नाही. कोन बरोबर असतील आणि एकाच लांबीत मोठी चूक असेल, तर क्लोजिंग एररची दिशा त्याच रेषेच्या दिशेनं जाते. जी रेषा कमी लिहिली, आकृती तिच्याच दिशेला तेवढी उघडी राहते. माझी चूक जात होती उत्तरेपासून पूर्वेकडं त्रेपन्न अंश तीन कलांवर; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. ग ते घ ही रेषा होती त्रेपन्न अंश आठ कलांवर. बाकी पाच रेषांपैकी एकही त्या दिशेच्या किंवा तिच्या बरोब्बर उलट दिशेच्या जवळपास नव्हती. वहीत ग-घ पुढं त्यांनी लिहिलं होतं एकशे चौसष्ट मीटर वीस. पाच सळ्या आणि वरचा तुकडा. हव्या होत्या सहा.

मला काय वाटलं सांगू? राग आला. त्यांच्या वहीत चूक असणं मला सहन होईना. मग ती दुसऱ्या कोणाची तरी असायला हवी. मी पट्टीवाल्याला फोन लावला आणि नको नको ते बोलले. पंधरा वर्षं पट्टी धरलीस, सहा सळ्या रोवता येत नाहीत तुला? त्यांच्या शेवटच्या कामाचं वाटोळं केलंस. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "उद्या रानात येतो वैनी," एवढंच म्हणाला.

सकाळी आम्ही कुंडलला गेलो. पट्टीची पिशवी उघडली तर दहाऐवजी नऊच सळ्या. मी त्या त्याच्यापुढं धरल्या. त्यानं पट्टीचं टोक हातात घेतलं.

ग-घ रेषा बांधाच्या कडेनं जात होती. तो पुढं, मी मागं, जिथं हे असायचे तिथं. एक पट्टी, दोन, तीन. चौथी पट्टी ताणून तो थांबला, पण सळी रोवली नाही. "वैनी, हिकडं या," म्हणाला.

बांधाच्या गवतात सळी उभी होती. डोक्यावर आमच्या खुणेची लाल चिंधी, उन्हानं विटलेली. लोखंडावर गंज चढला होता.

"हितं बसलं व्हतं दादा," तो म्हणाला. "छातीत आवळतंय म्हणालं. घामानं पार भिजलं व्हतं. मी म्हणलो, वैनींना हाक मारतो. तर माझा हात धरला. म्हणालं, नगं, ती घाबरंल. लग्नाला जायचंय तिला. पाणी प्यालं, जरा येळ बसलं, आन् उठलं. सळी काढायची ऱ्हायली तवा."

"शेवटाला मोजल्या नाहीस? तुझ्या चार आणि त्यांच्या पाच, नऊच होतात की रे!"

"न्हाई मोजल्या. माझं ध्यान त्यांच्या तोंडाकडं व्हतं." त्यानं डोळे पुसले. "काल तुमी बोलला ते बरूबर हाय वैनी. पर सळीसाटी न्हाई. मी तुमाला हाक मारायला पायजे व्हती. त्यांनी आण घातली, आन् मी ऐकली."

मी मागं वळून पाहिलं. तिथून चिंच दिसत होती, विहीर दिसत होती. हाक ऐकू आली असती इतकं जवळ.

आम्ही उरलेली रेषा मोजली. सहा सळ्या आणि चौदा मीटर एकवीस. एकशे चौऱ्याण्णव मीटर एकवीस. तो आकडा घालून बेरजा केल्या तर दोन्ही दिशांना पाच सेंटिमीटरही उरले नाहीत. रान मिटलं.

मला मात्र तेव्हापासून एकच हिशेब सुटत नाही. त्या संध्याकाळी मी वही मिटली नसती, तर अर्ध्या तासात हे तीस मीटर मला सापडले असते. मी त्यांच्या उशाशी जाऊन म्हणाले असते, "अहो, ग-घ मध्ये अख्खी पट्टी खाल्लीत, लक्ष कुठं होतं?" आणि लांबीच्या बाबतीत त्यांना माझ्याशी खोटं बोलता यायचं नाही. मोजणीत तेवीस वर्षांत एकदाही बोलले नव्हते. सांगितलं असतं त्यांनी. डॉक्टर पाच मिनिटांवर होते, आणि हातात चार दिवस होते.

वाचले असतेच असं नाही. लोक मला हेच समजावतात. मलाही गणित कळतं, त्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पण तपासायचं माझ्याकडं होतं आणि मी अर्धंच तपासलं, एवढं तर पक्कं आहे.

फील्डबुकात आकडा खोडरबरानं पुसायचा नसतो. चुकलेल्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहून सही करायची. त्या दिवशी बांधावर त्यांच्या अक्षरावर रेघ मारायला मला बराच वेळ लागला. मोजणी बघायला आलेले फौजी आणि पट्टीवाला बाजूला उभे होते, कोणी घाई केली नाही. मी एकशे चौऱ्याण्णव एकवीस लिहिलं. शेऱ्यात "सळी राहिली" असं लिहिणार होते, पण मग ती चूक कायमची त्यांच्या नावावर राहिली असती. मी लिहिलं, "तपासणी त्याच दिवशी पूर्ण केली नाही", आणि खाली माझी सही केली.