चढावर वर सरकणारा काटा

मुलीच्या प्रवेश परीक्षेचं केंद्र लातूरला होतं. फाटक दीड वाजता बंद होणार होतं. नवरा परगावी असल्यामुळे कंधारहून गाडी मीच चालवत नेणार होते.

आमच्या घरासमोर चढ आहे. गाडी नेहमी नाक वर करून उभी असते. अकरा वाजता चावी फिरवली तेव्हा पेट्रोलचा काटा पाव टाकीच्या थोडा वर होता आणि खाली, उरलेल्या पेट्रोलवर गाडी अजून किती जाईल त्याचा आकडा होता, एकशे चाळीस किलोमीटर. टाकी फुल केल्यापासून मात्र गाडी चारशे साठ किलोमीटर चालली होती. आमची गाडी एका टाकीत पाचशेच्या आसपास जाते. मला हे माहीत होतं. गावातल्या पंपापाशी पेट्रोल भरायला मी गाडी हळू केली, पण रांग दिसली.

"मम्मी, एकशे चाळीस दाखवून राहिलंय. लातूर शंभरच्या आत हाय. चल ना!"

मी निघाले. महिन्यापूर्वी आमच्या मेकॅनिकनं सांगितलं होतं, "ताई, टाकीत पेट्रोलवर तरंगतो त्यो फ्लोट अडकून राहिलाय. काटा हलवणारं अख्खं युनिट बदलावं लागतंय. तवर काट्यावर जाऊ नका, किलोमीटर मोजा." युनिट बदलणं मी टाळत आले होते.

पाऊण तासानं एका खड्ड्यात गाडी जोरात आदळली. काही वेळानं बघते तर आकडा सत्तरवर आला होता. पुढच्या उतारावर तो पस्तीस झाला. पेट्रोल संपत आल्याचा दिवा लागला. रस्त्यात एक पंप मागं पडला, तेव्हा मी घड्याळाकडं बघत होते. त्यानंतर चढ लागला आणि काटा पुन्हा वर सरकू लागला.

"बघ, वाढतंय," मुलगी म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला.

नेमकं तिथंच इंजिन अडखळलं. दोन झटके दिले आणि बंद पडलं. काटा वर, इशाऱ्याचा दिवाही विझलेला. पुन्हा चावी फिरवली, इंजिन लागेना. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी मेकॅनिकला फोन लावला. त्यानं एवढंच विचारलं, "गाडी चढाला हाय का?"

"हाव."

"मग पेट्रोल समदं मागं गेलंय. फ्लोट मागच्या अंगाला हाय, त्यो वर उचलतोय. पंपाचं तोंड पुढं हाय, ते कोरडं पडलं. गाडी सपाटीला आणा, लागंल. पन फुडं जाऊ नका."

"आणि तो किलोमीटरचा आकडा?"

"त्यो बी त्याच फ्लोटवरून आन् मागच्या ॲव्हरेजवरून काढलेला अंदाज हाय, ताई. दिवा बी त्याच्यावरच लागतो."

मुलगी उतरून मागं जाऊन उभी राहिली. हात वर करून ती मागून येणारी वाहनं थांबवत होती. एक ट्रॅक्टर थांबला. इंजिन बंद असल्यानं ब्रेक दगडासारखा कडक झाला होता, स्टिअरिंग जेमतेम वळत होतं. हँडब्रेक धरत-सोडत, आरशात बघत मी गाडी मागं घरंगळवत खालच्या पुलाच्या सपाटीवर आणली. चावी फिरवली. तिसऱ्यांदा इंजिन लागलं.

"मम्मी, आता पुढंच घे! उशीर होतोय!" मुलगी रडकुंडीला आली होती.

मी गाडी उलट दिशेला वळवली. मागं पडलेला पंप चार किलोमीटरवर होता. पुढचा कुठं आहे ते माहीत नव्हतं. उताराला लागल्यावर काटा अगदी तळाला गेला, आणि इंजिन मात्र सुरळीत चाललं. एसी बंद करून, पाय हलका ठेवून मी पंप गाठला. पस्तीस लिटरच्या टाकीत चौतीस लिटर पेट्रोल बसलं. मशीनवरचा आकडा मुलीनंही पाहिला. ती हळूच म्हणाली, "बाई गं."

पुढचा सगळा रस्ता मी कसा कापला ते नीट आठवत नाही. एक वाजून बावीस मिनिटांनी केंद्रासमोर थांबलो. ती ओळखपत्र हातात धरून धावली. फाटकावरच्या माणसानं तिला आत घेतलं आणि मी गाडीतच बसून रडले.

दोन दिवसांनी मेकॅनिकनं मागची सीट काढून युनिट वर घेतलं. फ्लोटची दांडी बोटानं उचलून सोडली. ती खाली आलीच नाही, मध्येच अडकली. नखानं टिचकी मारल्यावर पडली. खड्ड्यानं काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं.

"नवीन बसवतो," तो म्हणाला, "पन चढ-उतार ह्याला बी कळत न्हाईत. पाव टाकी झाली की भरायची. आन् बघायचं तर सपाटीवर बघायचं."

परीक्षेत तिला हवे होते तेवढे गुण मिळाले नाहीत. पुढच्या वर्षी ती पुन्हा बसली. तेव्हा आम्ही आदल्या संध्याकाळीच लातूरला जाऊन राहिलो.