पाय टेक!

ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या माणसाचा घसा बसलेलाच असतो, आणि माझा तर कायमचाच. भिवंडीत एसटी स्टँडच्या मागे माझं स्कूल होतं. दोन गाड्या, एक स्कूटर आणि माझं तोंड, एवढाच संसार. स्कूटर शिकणाऱ्याला मी दिवसभर एकच ओरडायचो, "पाय टेक! अरे पाय टेक!" कारण घाबरलेला माणूस ब्रेक दाबतो आणि पाय वरच ठेवतो, मग गाडीसकट आडवा. त्या दोन शब्दांची मला इतकी सवय लागली होती की झोपेतही मी तेच ओरडतो, असं बायको सांगायची.

अशात एक दिवस एका मोटारसायकलवरून बहीण-भाऊ आले. भावाने गाडी स्टँडला लावली, कुबड्या काढून दिल्या आणि तिला धरून उतरवलं. दोन्ही पायांना पोलिओ, आधाराला लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर. ती कशेळीच्या शाळेत मास्तरीण. रोज सकाळी भाऊ तिला सोडायचा आणि दुपारी आणायचा. त्याला सौदीचा व्हिसा आला होता.

"शेअर रिक्षात बसून जा म्हणतात सगळे," ती म्हणाली. "तीन माणसं आधीच बसलेली असतात, सर. मी कुबड्या आत घेईपर्यंत रिक्षावाला हॉर्न मारतो. दोनदा तर मला तशीच टाकून गेले. शाळेला माझा उशीर चालणार नाही, आणि भावाने माझ्यासाठी थांबलेलं मला चालणार नाही."

भाऊ बाजूला उभा राहून म्हणाला, "आपा एकटी नहीं पहुँची, तो मैं नहीं जाऊँगा. व्हिसा वापस." बहिणीने त्याच्याकडे असं बघितलं की तो मान खाली घालून गाडीची किल्ली फिरवू लागला. तिथंच मला कळलं, बाई साधी नाही. तिला स्वतः गाडी चालवत शाळेत जायचं होतं. जमलं तर भाऊ जाणार, नाही तर भावाचा व्हिसा गेला आणि तिला ते जन्मभर बोचणार.

माझ्या स्कूलच्या टपरीत तेव्हा एक एजंट बसलेला असायचा. तो लगेच फॉर्म घेऊन पुढे सरसावला. त्या फॉर्मवर अर्जदाराने स्वतःच्या तब्येतीबद्दल सांगायचं असतं. हात किंवा पाय गमावलाय का, हातापायाच्या स्नायूंत काही कमजोरी आहे का, असा त्यात एक प्रश्न असतो. एजंट त्या सगळ्या रकान्यांत 'नाही, नाही, नाही' असं एका दमात लिहून टाकायचा, कुणासाठीही, न वाचता.

"बाई, साहेब वर बघत पण न्हाय," तो म्हणाला. "नाही लिहितो, काम झटकन होईल."

बाईने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. "पाय माझे आहेत. त्यांच्याबद्दल खोटं मी कशाला लिहू? उद्या अपघात झाला तर विमावाले विचारतील, तुमच्या लायसनमध्ये पाय धडधाकट कसे?" आणि तिने त्या प्रश्नापुढे स्वच्छ अक्षरात 'होय' लिहिलं.

एजंट हसला. "मग लायसन मिळणारच न्हाय."

इथं मला राग आला. स्वतः चुकीचं सांगायचं आणि वर हसायचं, हे मला सहनच होत नाही. मी ड्रॉवरमधलं कायद्याचं पुस्तक काढलं आणि त्याच्यासमोर आपटलं. अपंगत्वामुळे गाडी चालवणं धोक्याचं वाटलं तर अधिकारी लायसन नाकारू शकतो, हे खरं. पण पुढेच लिहिलं होतं की अर्जदार खास अपंगांसाठीचं वाहन चालवायला योग्य आहे, अशी खात्री पटली तर तेवढ्याच वाहनापुरतं शिकाऊ लायसन देता येतं. त्या वाहनाला तिथं 'इनव्हॅलिड कॅरेज' असं म्हटलेलं.

"वाच! ओ, वाच ना!" मी म्हणालो. एजंटला इंग्रजी वाचता येत नव्हतं. बाईने वाचून दाखवलं.

मग धावपळ सुरू झाली. ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला आला आणि त्यावर शिकाऊ लायसन मिळालं. तिच्या नावावर बिनगिअरची स्कूटर घेतली, कारण त्या गाडीत पायाला कामच नाही. एक्सलेटर हातात, दोन्ही ब्रेक हातात, बटण दाबलं की सुरू. मागे दोन बाजूंना चाकं बसवायची राहिली होती. भावाला घाई होती. त्याने नारपोलीतल्या लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडे गाडी न्यायलाही काढली. मी मध्ये आडवा उभा राहिलो. "आधी आरटीओकडे अर्ज! गाडीत फेरफार करायचे तर परवानगी आधी, वेल्डिंग नंतर. मग साहेब गाडी बघणार, तेव्हा आरसीवर नोंद. उलटं केलंस तर गाडी घरातच ठेव शोभेला."

परवानगी आली आणि चाकं लागली. पण पहिल्या वेळी ती पक्की जखडलेली. आमच्या रस्त्यांचं तुम्हाला काय सांगावं? खड्ड्यात बाजूची दोन चाकं कडेला टेकली आणि मधलं, इंजिनाचं चाक हवेत गरगर फिरत राहिलं. गाडी जागची हलेना. मग बाजूच्या चाकांना स्प्रिंग लावल्या, सीटच्या मागे कुबड्या अडकवायला पट्टा लावला, आणि गाडी रस्त्याला लागली. साहेबांनी ती तपासली आणि आरसीवर अपंगांसाठीचं वाहन म्हणून नोंद झाली.

आता शिकवायचं. लूमच्या गोदामामागचं मोकळं मैदान मी निवडलं. मला वाटलं, चार चाकांची गाडी, पडायचा प्रश्नच नाही, सोपं काम. आधी मीच चालवून बघितली. पहिल्याच वळणावर आतलं चाक उचललं आणि मी जवळजवळ बाहेर फेकला गेलो! ही गाडी झुकत नाही हो. साध्या स्कूटरला आपण वळणात आडवं करतो, हिला ते चालत नाही. वळणाआधी वेग कमी करायचा, अंग आतल्या बाजूला टाकायचं, आणि हे सगळं हातांच्या जोरावर, कारण बाईला पायांनी खालच्या फळीवर रेटा देता येत नव्हता. वीस वर्षं गाडी चालवलेला मी त्या गाडीपुढे नवशिक्या ठरलो.

बाई बसल्या. त्या निघाल्या आणि पहिल्याच वळणाला वेग जरा जास्त राहिला. मी सवयीने घसा फाडून ओरडलो, "पाय टेक! पाय टेक!"

बाईंनी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी थांबली. त्यांनी मागे वळून मला अगदी शांतपणे विचारलं, "कुठले, सर?"

मला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटलं. पण बाई हसत होत्या, खो खो हसत होत्या. भाऊ हसत होता, आणि गोदामाचे हमालसुद्धा. मग मीही हसलो. त्या दिवसापासून मी त्यांना शाळेतल्या पोरांसारखं 'बाई' म्हणू लागलो, नि त्यांनी मला बिनधास्त चूक दाखवायला सुरुवात केली.

त्यांचं शिकणं बघून मी थक्क झालो. त्यांच्या खांद्यांत काय ताकद होती! लहानपणापासून कुबड्यांवर अंग उचललेलं, म्हणून हात लोखंडाचे झाले होते. पण मला नवल त्याचं नव्हतं. प्रत्येक वळण त्या आधी डोळ्यांनी घ्यायच्या, मग गाडीने. मी कितीतरी धडधाकट पोरं शिकवली, पण पुढचा खड्डा इतक्या आधी बघणारं कुणी नव्हतं. पडलं तर उठणं किती महाग असतं, हे ज्याला माहीत आहे तोच तसं बघू शकतो.

शिकाऊ लायसनचा महिना भरला आणि परीक्षेचा दिवस आला. गाडी टेम्पोत चढवून ठाण्याला नेली, कारण परीक्षा त्याच प्रकारच्या गाडीवर द्यावी लागते. मैदानात दगड ठेवून आठचा आकडा आखलेला होता. इन्स्पेक्टर साहेब तरुण, कडक. त्यांनी बाईंची गाडी बघितली, पट्टीसारखी नजर आकड्यावर फिरवली आणि शिपायाला सांगितलं, "दगड बाहेर सरकव. हिची चाकं रुंद आहेत, साध्या स्कूटरच्या आठात कशी बसतील?"

बाईंनी आठ काढला. एकाही दगडाला चाक लागलं नाही. मी श्वास सोडला. तेवढ्यात साहेब म्हणाले, "आता हाताने खूण करून उजवीकडे वळा."

मी कपाळाला हात लावला. हे मी शिकवलंच नव्हतं, कारण जमणारच नव्हतं. उजवा हात उचलला की एक्सलेटर सुटतो, आणि पायांचा रेटा नसल्याने अंगही डोलतं. बाई गाडी थांबवून म्हणाल्या, "साहेब, हात काढला तर मी गाडीवर नीट राहणार नाही. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. माझ्याकडे इंडिकेटर आहे आणि आरसे आहेत."

साहेबांनी क्षणभर विचार केला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "अपंग चालकाला हाताची खूण शक्य किंवा योग्य नसेल तर नियमातच सूट आहे. इंडिकेटरनेच दाखवा. पण वेळेवर दाखवा, वळल्यानंतर नको."

बाईंनी दाखवला. पुढे साहेब अचानक गाडीसमोर आले आणि हात वर केला. माझ्या तोंडून पुन्हा ते दोन शब्द निघणारच होते, मी तोंडावर रुमाल दाबला. दोन्ही ब्रेक एकदम, सरळ रेषेत, गाडी साहेबांच्या पुढ्यात थांबली. साहेब कागदावर सही करू लागले.

लायसन हातात आलं तेव्हा भावाने ते वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आपा, ये तो इनव्हॅलिड लिख दिया! कॅन्सल कर दिया!" मी कितीही समजावलं तरी त्याची खात्री पटेना. रद्द झालेल्या पासावर तो इंग्रजीत हाच शब्द वाचत आला होता.

पहिल्या दिवशी बाई एकट्या निघाल्या. भावाने मला हळूच सांगितलं होतं, मागे मागे या. मी माझी गाडी घेऊन बऱ्याच अंतरावर होतो. अंजूरफाट्यावर ट्रॅफिक हवालदाराने हात केला. बाई थांबल्या. मीही गाडी कडेला घेतली. हवालदार लायसन उलटसुलट करून बघत होता.

"मॅडम, हे इनव्हॅलिड हाय. चालनार न्हाय."

ट्रक मागून हॉर्न मारत होते. शाळेची वेळ होत होती. माझा राग डोक्यात गेला, मी दार उघडून निघालोच. पण तेवढ्यात बाईंचा आवाज आला. वर्गात असतो तसा, न चढलेला आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"साहेब, आरसी बघा. तिथंही हाच शब्द आहे. ते माझ्या गाडीच्या प्रकाराचं नाव आहे. लायसन इनव्हॅलिड नाही, आणि मी तर नाहीच."

हवालदाराने दोन्ही कार्डं शेजारी धरली. मग कानामागे खाजवलं आणि मागचे ट्रक हाताने थांबवून बाईंना वाट करून दिली. मी रस्त्यावर उभाच राहिलो. भिवंडीच्या एवढ्या ट्रकांना त्या चिमुकल्या चाकांच्या गाडीसाठी थांबलेलं मी पहिल्यांदा बघत होतो, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

कशेळीला शाळेच्या फाटकापाशी बाई थांबल्या. घंटा अजून व्हायची होती. त्यांनी पट्ट्यातून कुबड्या काढल्या, एक डावीकडे रोवली, एक उजवीकडे, आणि उभ्या राहिल्या. मग माझ्या गाडीकडे बघितलं. म्हणजे त्यांनी आरशात मला केव्हाच ओळखलं होतं.

"टेकले, सर," त्या म्हणाल्या. "भावाला फोन करा. म्हणावं, जा."